अंडाशयाची तारीख आधी ठरवा

समजा, पेठ वडगावात अडतीस वर्षांची एक बाई आहे. दोन मुलं, प्रकृतीची काही तक्रार नाही. बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला, तिच्या रक्तात जनुकाचा दोष सापडला, म्हणून हिचीही तपासणी झाली आणि रिपोर्टवर ओळ आली: BRCA1, c.68_69delAG, heterozygous, pathogenic. या ओळीत कॅन्सर आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. ही तपासणी ते सांगूच शकत नाही. बीआरसीए१ हे जनुक डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारं प्रथिन तयार करतं. हिच्याकडे त्या जनुकातली दोन अक्षरं गळाली आहेत, त्यामुळे प्रथिन सुरुवातीलाच तुटतं. heterozygous म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली आहे. दुसरी आजवर काम भागवते आहे. एखाद्या पेशीत तीही निकामी झाली तर तिथे कॅन्सरची वाट मोकळी होते. pathogenic म्हणजे हा दोष धोका वाढवतो याचा पुरेसा पुरावा आहे. त्या जागी uncertain significance असं छापलेलं असेल, तर तेवढ्यावरून कोणतंही ऑपरेशन ठरवायचं नसतं.

धोका किती, हा पुढचा प्रश्न. २०१७ साली सुमारे दहा हजार स्त्रियांच्या अभ्यासातून निघालेले आकडे असे: बीआरसीए१ चा दोष असलेल्या शंभर जणींपैकी ऐंशीव्या वर्षापर्यंत अंदाजे ७२ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो आणि ४४ जणींना अंडाशयाचा. बीआरसीए२ मध्ये हेच आकडे ६९ आणि १७ आहेत. पण हा धोका आयुष्यभर सारखा पसरलेला नसतो. बीआरसीए१ मध्ये चाळिशीपर्यंत अंडाशयाचा कॅन्सर शंभरात दोघींनाच होतो, पन्नाशीपर्यंत आठ जणींना, आणि मग तो भराभर वाढतो. स्तनाचा धोका मात्र तिशीपासूनच चढू लागतो. त्या अभ्यासातल्या बहुतेक स्त्रिया पाश्चात्त्य देशांतल्या होत्या, मग आपल्याला ते आकडे कसे लागू, अशी शंका कुणी काढेल. शंका रास्त आहे. आकडा थोडा इकडेतिकडे होईल. दिशा बदलणार नाही, कारण प्रथिन तुटण्याची क्रिया सगळीकडे तीच.

आता घरात चर्चा होते ती बहुधा स्तनाचीच. २०१३ साली अँजेलिना जोलीने दोन्ही स्तन काढून घेतल्याची बातमी झाली, तेव्हापासून तर जास्तच. माझ्या मते क्रम उलटा हवा. स्तनावर नजर ठेवता येते: दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर सोबत मॅमोग्राफी, आणि गाठ लहान असतानाच सापडण्याची चांगली शक्यता. स्तन काढणं हा पर्याय आहे, सक्ती नाही. अंडाशयाबाबत ही सोय नाही. पोटाच्या आत दडलेला हा कॅन्सर सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्ततपासणीला वेळेवर सापडत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक सर्वसाधारण स्त्रियांवर झालेल्या चाचणीत अशा तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०२१ मध्ये स्पष्ट झालं. म्हणून मुलं झाल्यावर दोन्ही अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाका, असा सल्ला दिला जातो: बीआरसीए१ असेल तर पस्तीस ते चाळीस, बीआरसीए२ असेल तर चाळीस ते पंचेचाळीस या वयात. बीजवाहिन्या का, तर यातले बरेच कॅन्सर त्यांच्याच टोकाशी सुरू होतात.

‘चांगला अवयव कशाला कापायचा?’ असं सासरची माणसं विचारतील, आणि त्यात तथ्यही आहे. ऑपरेशननंतर पाळी एकदम बंद होते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल तर हार्मोनच्या गोळ्यांनी यातलं बरंच सावरता येतं. तरी ही किंमत खरीच आहे, शिवाय पोटाच्या अस्तरातला थोडा धोका उरतोच. पण ज्या आजाराची आधी चाहूल लागत नाही, त्याची वाट पाहणं यापेक्षा महाग पडतं. वडगावच्या या बाईचं वय अडतीस आहे. तिने हा निर्णय दोन वर्षांच्या आत घ्यायला हवा.

राहिला नातेवाइकांचा प्रश्न. मुलीच्या लग्नाच्या काळजीने रिपोर्ट कपाटात ठेवला जातो. दोष मात्र मुलगा-मुलगी पाहत नाही. प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. तो वडिलांकडूनही येतो, त्यामुळे ‘आमच्या आईकडे कुणाला नाही’ हे उत्तर पुरत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांची तपासणी करायची नसते. सज्ञान भावंडांना मात्र हा रिपोर्ट दाखवावा: दोषाची नेमकी जागा माहीत असल्यामुळे त्यांची तपासणी तेवढ्याच जागेची आणि स्वस्तात होते. कोल्हापुरातल्या कॅन्सरतज्ज्ञांकडून किंवा टाटा मेमोरियलच्या कॅन्सर जेनेटिक्स विभागाकडून सल्ला घ्यायला जाताना मूळ रिपोर्ट आणि दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांत कुणाला, कितव्या वर्षी, कोणता कॅन्सर झाला याची यादी सोबत न्या.