बुफेची रांग आणि भुकेला पाहुणा

अक्षता पडल्या की सगळा मांडव एकदम ताटांकडे धावतो. मी मात्र आधी रिकाम्या हाताने टेबलांभोवती एक फेरी मारतो. रांग कुठे तुंबते ते त्यातच कळतं. कोशिंबीर, पापड, लोणचं सुरुवातीला मांडलेलं असतं. प्रत्येक जण तिथेच रेंगाळतो आणि मसालेभातापर्यंत पोचेस्तोवर ताटात जागा उरत नाही. टेबलाला दोन्ही बाजूंनी वाढून घेता येत असेल, तर भिंतीकडची बाजू बहुधा मोकळी असते.

खरी कसोटी डोशाच्या तव्यापाशी. एका तव्यावर तीन-चार डोसे, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. म्हणजे पुढे बारा माणसं असली तर दहा मिनिटं गेलीच. म्हणून गर्दी कोशिंबिरीपाशी असताना मी थेट तव्याकडे जातो, नंतर मसालेभात. पुरी टम्म फुगलेली दिसली तरच घ्यावी. बसलेली असेल तर कढईतला नवा घाणा येईपर्यंत थांबावं. जिलबीचंही तसंच, गरम असतानाच ती कुरकुरते. मठ्ठ्याचा पेला शेवटी. आणि आजीआजोबा मागे उभे दिसले, की त्यांना आधी पुढे घ्यायचं.