वायूची वाट आणि यंत्राची जागा

पुण्यास माझ्या थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली जमिनीपासून वीतभर उंचीवर, वायुगळतीचा इशारा देणारे एक लहानसे पांढरे यंत्र गेली काही वर्षे बसवलेले आहे. सिलिंडर त्याच ओट्याखाली उभा असे, तेव्हा ही जागा अगदी यथायोग्य होती. पुढे इमारतीत नळाचा गॅस आला, सिलिंडर परत गेला, शेगडीचे जेट बदलले गेले. परंतु त्या यंत्राची दखल कोणीच घेतली नाही. गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी कपाटांना तैलरंग देण्याचे काम चालू असताना ते दोनदा कर्कश वाजले, आणि दुसऱ्या खेपेस भाऊजींनी त्याची पिन उपसून ठेवली. मी विचारले तेव्हा ताई म्हणाली, “अरे, गळती कुठेच नव्हती. उगाच ओरडत राहतं ते.”

या एका घरात दोन चुका एकत्र आल्या होत्या. वायू बदलला तरी यंत्राची जागा बदलली नव्हती, ही एक. आणि यंत्र कशाला ओरडते हे ठाऊक नसल्याने ते कायमचे मुके केले गेले, ही दुसरी. दोहोंचे मूळ यंत्राच्या घडणीत असल्यामुळे प्रथम तीच पाहिली पाहिजे.

घरगुती यंत्रांपैकी बहुतेकांच्या पोटात कथिलाच्या ऑक्साइडचा एक सूक्ष्म थर असतो. जपानमधील नाओयोशी तागुची यांनी 1962 साली या तत्त्वावरील संवेदकाचे पेटंट मागितले, आणि सिलिंडरच्या वायूचे अपघात वारंवार होणाऱ्या त्या देशातूनच या यंत्रांचा प्रसार झाला. हा थर विजेच्या बारीक तारेने सुमारे तीनशे-चारशे अंशांपर्यंत सतत तापवलेला असतो. म्हणूनच यंत्राला हात लावला की ते किंचित कोमट लागते. स्वच्छ हवेत प्राणवायू या तप्त कणांच्या पृष्ठावर चिकटतो आणि त्यांच्यातील इलेक्ट्रॉन जणू ओलीस धरतो, त्यामुळे कणाकणांमधून वीज सहज वाहत नाही. परंतु ज्वलनशील वायू तेथे येऊन पोहोचला, की तो त्या प्राणवायूशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि थराचा विद्युत्‌रोध एकाएकी घटतो. हा रोध ठरावीक मर्यादेखाली उतरला, की भोंगा वाजतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, खोलीत दुसरीकडे कितीही वायू साठलेला असो, जी हवा यंत्राच्या जाळीपर्यंत प्रत्यक्ष येते तिचीच वार्ता त्याला कळते. दुसरी, वायूचे नाव त्याला कळत नाही. जो पदार्थ त्या तप्त थरावरील प्राणवायू हिरावून घेईल, तो त्याच्या लेखी गळतीच होय.

जागेचा सारा विचार पहिल्या गोष्टीवर उभा आहे. सिलिंडरमधील वायू म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. हवेचा सरासरी रेणुभार 29 धरला, तर प्रोपेनचा 44 आणि ब्यूटेनचा 58 भरतो. अर्थात हा वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असल्याने पाण्यासारखा खाली उतरतो आणि फरशीवर पसरतो. नळाचा गॅस मुख्यतः मिथेन असतो. त्याचा रेणुभार 16 असल्याने तो वर चढून छतापाशी साठतो.

आता दहा फूट लांब व आठ फूट रुंद असे बंद स्वयंपाकघर कल्पावे. रात्री सिलिंडरवरच्या शेगडीचा मोठा बर्नर न पेटता उघडा राहिला, तर तासाला साधारण दीडशे ग्रॅम वायू बाहेर पडतो. सिलिंडरचा वायू हवेत शेकडा 1.8 या प्रमाणात मिसळला, की ठिणगीसरशी पेट घेऊ शकतो. सगळी खोली या प्रमाणाला यावयास जवळजवळ एक किलो वायू लागेल. पण तो खोलीभर न पसरता फरशीलगतच्या फूटभर थरातच राहिला, तर अवघे नव्वद ग्रॅम पुरतात, आणि तेवढे पस्तीस-छत्तीस मिनिटांत जमतात. यंत्र धोक्याच्या प्रमाणाच्या एकदशांशावर वाजणारे आणि जमिनीलगत असेल, तर वायू त्याच्यापर्यंत पसरण्यास लागणारा अवधी धरूनही इशारा पहिल्या काही मिनिटांतच मिळेल. तेच यंत्र छताजवळ असेल, तर पायाशी स्फोटक थर जमूनही ते गप्प बसेल. पंखा चालू असल्यास हवा ढवळते आणि हा हिशेब बदलतो, हे खरे. पण रात्रीच्या बंद खोलीत पंख्याचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून नियम असा, की सिलिंडर असेल तर यंत्र जमिनीपासून एक फुटाच्या आत, आणि नळाचा गॅस असेल तर छतापासून एक फुटाच्या आत बसवावे. नळाच्या गॅससाठी त्याची उंची दारा-खिडक्यांच्या वरच्या कडेहूनही अधिक असावी, कारण त्या कडेच्या वरची हवा कोंडून राहते आणि हलका वायू प्रथम तेथेच साठतो. ताईच्या घरी खिडकीच्या वर अडीच फूट भिंत आहे. गळती झाली असती, तर मिथेन त्या पट्ट्यात साठत गेला असता आणि ओट्याखालच्या यंत्राला त्याचा पत्ता लागला नसता. शेगडीपासून आडवे अंतर तीन ते दहा फूट ठेवावे. ऐन शेगडीच्या डोक्यावर वाफ आणि तेल यंत्राला बाधते. खिडकीशी किंवा एक्झॉस्ट पंख्याशी ठेवल्यास वाऱ्याने वायू त्याच्यापर्यंत येतच नाही.

खोट्या इशाऱ्यांचा उलगडा दुसऱ्या गोष्टीत आहे. तैलरंगातील थिनर, हात निर्जंतुक करण्याचे अल्कोहोलयुक्त द्रव, अत्तर, फोडणीचा दाट धूर या सर्वांच्या बाष्पाने तो थर चाळवतो. अंगावर मारण्याच्या पुष्कळ फवाऱ्यांत तर दाब देण्यासाठी प्रोपेन-ब्यूटेनच भरलेले असतात. तेथे यंत्राने ओळखण्यात चूक केलेली नसते. दीर्घकाळ बंद असलेले यंत्र पुन्हा जोडल्यावर थर नीट तापेपर्यंतही ते वाजू शकते. याच्या उलट, फटी बुजवण्याच्या सिलिकोनची बाष्पे कणांवर लेप चढवून थर बधिर करतात. हिरवा दिवा लागलेला असतो, पण संवेदना गेलेली असते. हा दोष खोट्या इशाऱ्याहून घातक होय. म्हणून यंत्रावर छापलेली मुदत, जी बहुधा पाच वर्षांच्या आसपास असते, ती संपताच ते बदलावे. चाचणीचे बटण अनेक यंत्रांत केवळ भोंगा आणि दिवा तपासते, थर नव्हे, हेही ध्यानी ठेवावे.

इशारा खरा की खोटा हे ठरवण्याचे काम नंतरचे. भोंगा वाजताच ज्योत विझवावी, रेग्युलेटर किंवा नळाची तोटी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्या. विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि यंत्राची पिनही उपसू नये, कारण तेथेही ठिणगी पडू शकते. मग बाहेर पडून, सिलिंडर असल्यास 1906 या क्रमांकावर आणि नळाचा गॅस असल्यास बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. हवा खेळती झाल्यावर भोंगा थांबला आणि नुकताच रंग किंवा फवारा वापरल्याचे आठवले, तर कारण बहुधा तेच. परंतु घर निजलेले असताना, चूल थंड असताना तो वाजला, किंवा खिडक्या मिटताच पुन्हा वाजू लागला, तर गळती आहे असेच धरून चालावे.

ताईकडे आता नळाच्या गॅससाठी बनवलेले नवे यंत्र छतापासून आठ इंचांवर बसवले आहे, आणि रंगकामाच्या दिवसांत त्याची पिन न काढता खिडक्या उघड्या ठेवण्याचा प्रघात घरात पडला आहे. वाचकांनी हा अंक खाली ठेवल्यावर आपल्या स्वयंपाकघरात जाऊन एवढेच पाहावे: शेगडीला येणारा वायू जड की हलका, यंत्र त्याच वायूसाठीचे आणि त्याच्याच वाटेवर आहे की नाही, आणि त्याच्या पाठीवरची तारीख अजून उलटलेली तर नाही ना.