रिपोर्टवरचा ‘दोन’ आणि ‘चार’: तोंडाच्या कॅन्सरची स्टेज आणि ग्रेड

डहाणू-घोलवडच्या वाड्यांतून चिकू पेटीत भरताना मोठा, मध्यम, बारीक असा वेगळा काढतात. त्यालाही ‘ग्रेड’ म्हणतात. त्यामुळे बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड २’ दिसलं की घरात पहिला अंदाज असतो तो गाठीच्या आकाराचा, आणि संध्याकाळपर्यंत पाड्यावर बातमी पसरते की ‘दुसऱ्या स्टेजचा कॅन्सर’ आहे. हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. ग्रेडचा आकाराशी संबंध नाही आणि ग्रेड म्हणजे स्टेजही नव्हे.

तंबाखू, मशेरी, गुटखा यांमुळे आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर खूप दिसतो, म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ. समजा, तलासरीजवळच्या पाड्यावरचा पंचेचाळिशीचा एक माणूस आहे. डाव्या गालाच्या आत दोन-तीन महिने न भरणारी जखम आहे आणि मिरची लागली की आग होते. जखमेचा लहान तुकडा काढून तपासला, रिपोर्ट आला.

ग्रेड: पेशी कशी दिसते

पॅथॉलॉजिस्ट तुकड्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. गालाच्या आतल्या अस्तराच्या निरोगी पेशी थरावर थर अशा नीट रचलेल्या असतात. कॅन्सरच्या पेशींना अजून मूळ घडणीची ओळख असेल तर ‘वेल डिफरन्शिएटेड’, म्हणजे ग्रेड १. ओळख पुसट झाली असेल तर ‘मॉडरेटली’, ग्रेड २. काही ताळमेळच उरला नसेल तर ‘पूअरली’, ग्रेड ३. आपल्या माणसाच्या कागदावर ग्रेड २ आहे.

पेशी जितक्या बेबंद, तितकी ती गाठ चपळ असण्याची शक्यता जास्त. पण ग्रेडला किती वजन द्यायचं, हे कॅन्सर कुठला आहे त्यावर ठरतं. मेंदूच्या ग्लायोमा गाठींना आपण म्हणतो तशी स्टेज नसते, तिथे ग्रेडवरच बरंच काही ठरतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र नुसत्या ग्रेडवरून उपचार क्वचितच बदलतात. तिथे भाव असतो तो स्टेजला.

स्टेज: टी, एन आणि एम

स्टेज म्हणजे आजार कुठवर गेला आहे याचा हिशेब. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे मानेतल्या लसीकाग्रंथी आणि एम म्हणजे फुफ्फुसासारख्या लांबच्या अवयवांत पसरलेला आजार. तिन्ही एकत्र करून १ ते ४ यांपैकी एक आकडा निघतो.

टी ठरवताना पूर्वी गाठीची लांबी-रुंदी मोजत. या पद्धतीच्या २०१८ पासून वापरात असलेल्या आवृत्तीत खोलीही धरतात. त्यामागे साधं कारण आहे. दीड सेंटिमीटरचा पसरट चट्टा आणि तेवढाच पण ८ मिलिमीटर खोल रुतलेला व्रण, आरशात दोन्ही सारखेच दिसतात. खोल रुतलेला व्रण मात्र मानेच्या ग्रंथींपर्यंत पोचलेला असण्याची शक्यता जास्त. म्हणून २ सेंटिमीटरपर्यंतची आणि ५ मिलिमीटरपर्यंत खोल गाठ टी-१ मध्ये येते. आकार तोच, पण खोली ५ च्या पुढे गेली, की टी-२.

आपल्या माणसाचा व्रण अडीच सेंटिमीटरचा. स्कॅनमध्ये मानेत काही दिसत नाही, छाती स्वच्छ. म्हणजे टी-२, एन-० आणि स्टेज २. ही झाली तपासणीवरून ठरवलेली स्टेज, एका अर्थी अंदाजाची.

मान का उघडतात?

मानेत काही नसताना गळ्यावर एवढी चीर कशासाठी, असं घरचे विचारतात. उत्तर परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या एका अभ्यासात आहे. अशाच लहान गाठींच्या, मान स्वच्छ वाटणाऱ्या रुग्णांचे तिथे दोन गट केले. एका गटात गालाच्या वा जिभेच्या ऑपरेशनबरोबरच ग्रंथी काढल्या. दुसऱ्यात नुसतं लक्ष ठेवलं आणि गाठ आली तरच मानेचं ऑपरेशन केलं. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. ज्या ग्रंथी हाताला आणि स्कॅनला स्वच्छ वाटतात, त्यांतही काहींमध्ये आजार दडलेला असतो.

ऑपरेशननंतरचा कागद

आता दुसरा रिपोर्ट येतो, आणि पुढचं सगळं ठरतं ते यावर. त्यात लिहिलेलं असतं: व्रण २.६ सेंटिमीटर, खोली ८ मिलिमीटर. कडेचा निरोगी भाग सगळ्यात कमी जिथे आहे तिथेही ७ मिलिमीटर. ५ किंवा जास्त असला की कड स्वच्छ मानतात. २७ ग्रंथी तपासल्या, डाव्या बाजूच्या दोनमध्ये कॅन्सर, मोठी १.२ सेंटिमीटरची. ग्रंथीचं कवच फोडून आजार बाहेर आलेला नाही. शेवटी pT2 pN2b. पुढे लावलेला p म्हणजे काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टने प्रत्यक्ष तपासून ठरवलेली स्टेज.

ही होते स्टेज ‘४ ए’. ऑपरेशनआधी दोन सांगितली आणि नंतर चार, म्हणून घरात रडारड होते आणि डॉक्टरवर संशयही येतो. आजार चार आठवड्यांत दोन पायऱ्या चढलेला नाही. त्या दोन ग्रंथी आधीही तिथेच होत्या, फक्त दिसत नव्हत्या. शिवाय तोंडाच्या कॅन्सरमध्ये चौथ्या स्टेजचे तीन भाग आहेत, आणि लांब पसरलेला आजार फक्त ‘४ सी’ मध्ये येतो. ‘४ ए’ ला बरं करण्याच्या हेतूनेच उपचार देतात. हा ‘ए’ सांगताना गाळला, की ऐकणाऱ्याला सगळं संपल्यासारखं वाटतं.

पुढचा उपचार कसा ठरतो

एकापेक्षा जास्त ग्रंथी लागलेल्या आहेत, म्हणून रेडिएशन: साधारण ६० ग्रे, ३० भागांत, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. केमो नाही. एखाद्या ग्रंथीचं कवच फुटलेलं असतं किंवा कडेवर कॅन्सर उरला असता, तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे औषधही दिलं असतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की आकड्याच्या आधी कड आणि कवच या दोन ओळी शोधाव्यात. तपासलेल्या ग्रंथींची संख्याही पाहावी. ती अठरापेक्षा फार कमी असेल, तर ‘मान स्वच्छ’ या शेऱ्यावर थोडा कमी भरवसा ठेवावा आणि डॉक्टरांना तसं विचारावं.

रेडिएशनसाठी मुंबईला जाताना कागदाबरोबर काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही न्यायचे. मोठ्या रुग्णालयात तुकडा पुन्हा वाचतात, आणि ब्लॉक गावातल्या लॅबमध्येच राहिले तर ते आणण्यात आठवडा जातो. हा आठवडा महाग पडतो, कारण ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हायला हवं. त्याआधी किडलेले दात काढून हिरड्या भरून येऊ द्याव्या लागतात, त्यात दोनेक आठवडे जातात. तलासरीहून जीपने डहाणू आणि पुढे लोकलने दादर, असं रोज ये-जा करत तीस दिवस निघत नाहीत, म्हणून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहण्याची सोय टाके निघण्याआधीच पाहून ठेवावी लागते. जूनच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं असेल, तर हे सहा आठवडे नेमके भातलावणीत संपतात. ‘लावणी उरकून येतो’ म्हणून गेलेला माणूस ऑगस्टच्या मध्यावर परततो, तेव्हा दहावा आठवडा उलटलेला असतो.