यादीतलं दुसरं अक्षर

रांजणगाव एमआयडीसीमुळे शिरूरमध्ये वरच्या खोल्या भाड्याने देणारी घरं बरीच आहेत. दौंडला जंक्शन आणि कुरकुंभमुळे तीच गत. भाडेकरूला एकदा वायफाय दिलं की पासवर्ड क्यूआर कोडच्या फोटोतून शेजारच्या गच्चीपर्यंत जायला वेळ लागत नाही. मग संध्याकाळी व्हिडिओ अडखळायला लागतो आणि शंका येते, की आपलं नेट नेमकं कोण वापरतंय?

याचं उत्तर राउटरकडे असतं. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवरचा पत्ता, बहुधा `192.168.1.1`, ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा आणि जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. प्रत्येक उपकरणासमोर नाव आणि मॅक पत्ता दिसेल. नावावर विसंबू नका, ते कुणालाही बदलता येतं. मॅक पत्ता मात्र बारा अक्षरांचा असतो आणि त्यातली पहिली सहा उत्पादकाची ओळख सांगतात.

समजा, यादीत दोन अनोळखी नोंदी आहेत. पहिली `ESP_4F21C8`, पत्ता `5C:CF:7F:4F:21:C8`. नाव वाचून धडकी भरते, पण `5C:CF:7F` ही सुरुवात एस्प्रेसिफ कंपनीची आहे. तिच्या चिप स्वस्त स्मार्ट बल्बमध्ये आणि प्लगमध्ये असतात. म्हणजे हा बहुधा दिवाळीत आणलेला आपलाच बल्ब!

दुसरी नोंद बिननावाची, `DA:31:…`. इथे दुसरं अक्षर पाहा. ते २, ६, A किंवा E असेल, तर पत्ता उत्पादकाने दिलेला नसून बहुधा फोनने स्वतःच बनवलेला आहे. पाळत टाळण्यासाठी अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन असं आपणहून करतात. तेव्हा हा पत्ता तुमच्याच मुलीच्या फोनचा असू शकतो. घरातल्या एकेका फोनचं वायफाय बंद करून यादी पुन्हा उघडा आणि कोणती ओळ गळते ते बघा. थोडा धीर धरा. काही राउटर निघून गेलेलं उपकरणही तासन्‌तास दाखवत राहतात, म्हणून ‘सध्या जोडलेली’ अशी वेगळी यादी असेल तर तीच वाचा.

घरातल्या सगळ्या फोनचं वायफाय बंद केल्यावरही ती ओळ जिवंत राहिली, तर पाहुणा बहुधा बाहेरचा. त्याचा पत्ता ‘ब्लॉक’ करणं सोपं वाटतं, पण माझ्या मते ते वाया जाणारं काम आहे. तोच फोन नवा पत्ता घेऊन परत येऊ शकतो. पासवर्डच बदला, म्हणजे जुना क्यूआर कोडही निकामी होतो. डब्ल्यूपीएस बंद करा आणि राउटरचा लॉगिन पासवर्डही बदला, नाहीतर जुना लॉगिन पासवर्ड माहीत असलेला माणूस नेटवर्कवर असेल, तर राउटरमध्ये शिरून वायफायचा नवा पासवर्ड वाचू शकेल. भाडेकरूंसाठी ‘गेस्ट’ नेटवर्क वेगळं ठेवा. पासवर्ड बदलल्यावर बल्ब मात्र ॲपमधून पुन्हा जोडावा लागेल आणि त्यासाठी बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झचंच नेटवर्क निवडावं लागेल.