दूध पचत नाही? लॅक्टेजची गोळी कधी आणि कोणी घ्यावी

वैशाख पौर्णिमेला विहारात खीर वाटली जाते. आदराने दिलेली खीर नाकारणे बरे वाटत नाही, म्हणून अनेकजण ती घेतात आणि दीड-दोन तासांत पोट गुडगुडू लागते, फुगते, कळा येतात, पातळ शौचाला धावावे लागते. घरी चहा चालतो, दही चालते, पण ग्लासभर दूध किंवा वाटीभर बासुंदी सोसत नाही. अशा लोकांना आता औषधाच्या दुकानात लॅक्टेजच्या गोळ्या आणि थेंब मिळतात. ते घेऊनही काहींना गुण येत नाही. बहुतेक वेळा चूक वेळेची असते, नाहीतर माणसाचा आजारच वेगळा असतो. म्हणून या वेळी आपण हाच विषय घेऊ.

दुधात एक नैसर्गिक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती आहे तशी रक्तात जाऊ शकत नाही. लहान आतड्यातला लॅक्टेज नावाचा पाचकरस आधी तिचे दोन तुकडे करतो. तान्ह्या बाळात हा पाचकरस भरपूर असतो. बालपण सरत जाते तसा तो अनेकांत कमी होतो आणि भारतातल्या बहुसंख्य प्रौढांत तो कमीच असतो. हा रोग नव्हे, शरीराची ती एक रीत आहे. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जंतू ती आंबवतात. त्यातून वायू होतो आणि साखर पाणी ओढून घेते, म्हणून शौचाला पातळ होते.

बाहेरून दिलेला लॅक्टेज तेच तुकडे करण्याचे काम करतो. पण तो फक्त दुधाची साखर समोर असतानाच काम करतो. त्याचा साठा शरीरात राहत नाही. रक्तदाबाच्या गोळीसारखी सकाळी एक घेतली आणि दिवसभर निभावले, असे इथे होत नाही.

गोळी दुधाच्या पदार्थाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावी. मग ती जठरात अन्नात मिसळते आणि त्याच्याबरोबर आतड्यात उतरते. तासभर आधी घेतली तर ती पुढे निघून जाते. पोट दुखू लागल्यावर घेतली तर साखर आधीच मोठ्या आतड्यात पोचलेली असते, मग उपयोग नाही. जेवण लांबले आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा गोड वाढले, तर दुसरी गोळी लागते. गोळी उकळत्या चहात किंवा गरम दुधात विरघळवू नये, कारण उष्णतेने हा पाचकरस नष्ट होतो. गोळी चावायची की गिळायची ते पाकिटावर पाहावे.

मात्रा किती? पाकिटावर एफसीसी युनिट असे लिहिलेले असते. गोळ्या साधारण 3000, 4500 किंवा 9000 युनिटच्या मिळतात. 250 मिली दुधात सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज असते. पाचकरस कमी असलेल्या बऱ्याच लोकांना एवढे दूधही जेवणाबरोबर सोसते. चहातल्या दोन-तीन चमचे दुधाला तर गोळी लागतच नाही. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसते. दह्यातले जंतू स्वतःच बरीच साखर फोडतात. खीर, बासुंदी, पेढा यांची गोष्ट वेगळी. दूध आटते, पण साखर उडून जात नाही, ती दाट होते.

एक उदाहरण घेऊ. एक लिटर दूध आटवून सहा वाट्या खीर केली. लिटरभर दुधात सुमारे 50 ग्रॅम लॅक्टोज असते, म्हणजे वाटीला आठ ग्रॅमच्या वर आले. पन्नाशीच्या एका ताईंना एक वाटी सोसते, दोन सोसत नाहीत. त्यांनी पहिल्या चमच्याबरोबर 4500 युनिटची एक गोळी घ्यावी. तासाभराने दुसरी वाटी घेतली तर पुन्हा एक घ्यावी. तरी त्रास अर्धाच कमी झाला, तर पुढच्या वेळी पाकिटावरच्या मर्यादेत मात्रा वाढवून पाहावी.

थेंबांचे काम निराळे आहे. दुधात घालायचे थेंब सहसा यीस्टपासून केलेले असतात आणि जठरातल्या आम्लात ते टिकत नाहीत. म्हणून मोठ्या माणसाने ते जिभेवर टाकून जेवायला बसण्यात अर्थ नाही. ते थंड दुधात घालून, ढवळून, फ्रिजमध्ये साधारण 24 तास ठेवतात. दुधातली बहुतेक साखर तेवढ्या वेळात फुटते. किती लिटरला किती थेंब, ते बाटलीवर लिहिलेले असते. असे दूध जरा गोड लागते. नंतर ते उकळले तरी चालते, कारण काम आधीच झालेले असते. खीर करायची असेल तर आदल्या दिवशी दुधात थेंब घालावेत. उकळत्या खिरीत घातलेले थेंब वाया जातात.

हे औषध दुधाची साखर न पचणाऱ्यांसाठीच आहे. आपण त्यातले आहोत का, हे घरी पाहता येते. आठ-दहा दिवस दूध बंद करावे. मग सकाळी उपाशीपोटी 250 मिली दूध घ्यावे आणि काय होते ते लिहून ठेवावे. दोन दिवसांनी तेवढेच दूध गोळीबरोबर घ्यावे. फरक पडला तर उत्तर मिळाले. योग्य मात्रा योग्य वेळी घेऊनही काहीच फरक नसेल, तर त्रासाचे कारण बहुधा दुसरे आहे, गोळ्यांवर पैसे घालू नयेत. खात्रीसाठी मोठ्या रुग्णालयांत श्वासाची तपासणी होते. मधुमेह असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की फुटलेली साखर रक्तात जाते, थेंब घातलेले दूध बिनसाखरेचे होत नाही.

दुधाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे शरीर दुधातल्या प्रथिनाला विरोध करते. दूध घेताच अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे अशी लक्षणे असली तर लॅक्टेजची गोळी घेऊन दूध पिणे धोक्याचे आहे. गॅलॅक्टोसेमिया हा जन्मजात आजार असलेल्या बाळालाही हे देऊ नये. शौचातून रक्त, वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर आधी डॉक्टर गाठावा.

लहान मुलांना जोरदार जुलाब झाले की आतड्याचे अस्तर दुखावते आणि काही दिवस किंवा आठवडे दूध पचत नाही. ते बहुधा आपोआप सुधारते. अशा वेळी अंगावरचे दूध बंद करू नये. बाळाच्या आईने स्वतः दूध-दही सोडल्याने तिच्या दुधातले लॅक्टोज कमी होत नाही, म्हणून तिने उगाच पथ्य धरू नये. पोटदुखीने रडणाऱ्या बाळांसाठी वेगळे थेंब मिळतात. त्यांचा गुण सगळ्या बाळांना येतो असे नाही आणि ते बालरोगतज्ज्ञाला विचारूनच द्यावेत.

गोळी रोज परवडत नसेल तर दूध प्यायलाच हवे असेही नाही. दही-ताक, नाचणीची भाकरी, तीळ, काट्यांसकट खाल्ली जाणारी छोटी सुकी मासळी यांतून कॅल्शियम मिळते. गोळी राखून ठेवावी ती समारंभाच्या खिरीसाठी, आणि ती पहिल्या चमच्याबरोबरच घ्यावी.