लहान मुलांमधील नेफ्रोटिक सिंड्रोम : उलटणारा आजार आणि घरची लघवी-तपासणी

नेफ्रोटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार आहे. त्यात रक्तातील प्रथिने, विशेषतः अल्ब्युमिन, लघवीवाटे मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. निरोगी मूत्रपिंडात रक्त गाळले जाताना पाणी आणि टाकाऊ द्रव्ये पलीकडे जातात आणि अल्ब्युमिन रक्तातच राहते. या आजारात गाळणाऱ्या पडद्यावरील पेशी बिघडतात आणि अल्ब्युमिनला वाट मिळते. रक्तवाहिन्यांतील पाणी धरून ठेवण्याचे काम अल्ब्युमिन करते. ते कमी झाले की पाणी ऊतींमध्ये झिरपते. मूत्रपिंडही मीठ आणि पाणी साठवू लागते, त्यामुळे अंगावर सूज येते.

हा आजार बहुधा 2 ते 6 वर्षांच्या वयात सुरू होतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये अधिक आढळतो. सकाळी उठल्यावर मुलाच्या पापण्या सुजलेल्या असतात आणि दुपारपर्यंत त्या ओसरतात. अनेकदा ही ॲलर्जी समजली जाते आणि काही दिवस डोळ्यांत थेंब घालण्यात जातात. पुढे पाय आणि पोट फुगते, लघवी कमी आणि फेसाळ होते. अशा वेळी लघवीची साधी तपासणी केली की त्यात 3+ किंवा 4+ प्रथिने दिसतात आणि निदानाची दिशा कळते. रक्तातील अल्ब्युमिन कमी आणि कोलेस्टेरॉल वाढलेले असते.

उपचाराचे मुख्य औषध प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे. पहिल्या वेळी ते दर किलो वजनामागे रोज 2 मिलिग्रॅम, 6 आठवडे दिले जाते. त्यानंतर दर किलोमागे दीड मिलिग्रॅम, एक दिवसाआड, आणखी 6 आठवडे. उदाहरणार्थ, चार वर्षांच्या एका मुलाचे वजन सुजेसह 17 किलो भरले, पण आजारापूर्वी ते 15 किलो होते. डोस 15 किलोवर धरायचा, कारण वरचे दोन किलो निव्वळ पाणी आहे. म्हणजे पहिले सहा आठवडे रोज सकाळी खाल्ल्यानंतर 30 मिलिग्रॅम आणि पुढे एक दिवसाआड साडेबावीस मिलिग्रॅम.

दहापैकी आठ-नऊ मुलांमध्ये या औषधाने प्रथिने गळणे थांबते, बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत. लघवी वाढते, सूज उतरते, वजन घटते. सलग तीन दिवस सकाळच्या लघवीत प्रथिने नसली किंवा अगदी पुसटशी असली, की आजार आटोक्यात आला असे मानतात. सूज गेली म्हणून गोळ्या बंद करणे धोक्याचे असते. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते. औषध एकाएकी थांबले आणि त्यात ताप किंवा उलट्या झाल्या, तर मुलाचा रक्तदाब घसरू शकतो. सहा आठवडे पूर्ण डोस देऊनही प्रथिने थांबली नाहीत, तर आजार स्टेरॉइडला दाद न देणारा ठरतो. अशा मुलाला मूत्रपिंडाच्या बालरोगतज्ज्ञाकडे पाठवतात. तेथे मूत्रपिंडाचा तुकडा तपासणे, जनुकीय चाचणी आणि वेगळी औषधे यांचा विचार होतो.

औषधाला प्रतिसाद देणाऱ्या बहुसंख्य मुलांमध्येही आजार पुन्हा उलटतो, बऱ्याचदा साध्या सर्दी-खोकल्यानंतर. सलग तीन दिवस 3+ किंवा 4+ प्रथिने आली तर तो उलटला असे धरतात. तीन दिवसांची अट महत्त्वाची आहे. तापात किंवा सर्दीत एखाद-दोन दिवस लघवीत प्रथिने दिसून आपोआप नाहीशी होऊ शकतात आणि तेवढ्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागत नाही. दुसरीकडे, सुजेची वाट पाहणेही योग्य नाही. प्रथिने आधी गळतात, रक्तातील अल्ब्युमिन त्यानंतर काही दिवसांत उतरते आणि सूज सर्वांत शेवटी येते. लघवीची तपासणी हे मधले दिवस हातात देते.

ही तपासणी घरीच, सकाळच्या पहिल्या लघवीवर करायची असते. औषध दुकानात मिळणारी प्रथिनांची पट्टी लघवीत बुडवून काढावी. डबीवर सांगितलेल्या वेळेनंतर तिचा रंग डबीवरील रंगांशी ताडून पाहावा. प्रथिने वाढत जातात तसा पिवळा रंग हिरवा होत जातो. पट्टी परवडत नसेल तर काचेची परीक्षानळी दोन-तृतीयांश लघवीने भरून, चिमट्यात धरून तिचा वरचा भाग उकळावा. अंड्याचा पांढरा बलक जसा उष्णतेने गोठतो, तसे अल्ब्युमिन गोठून लघवी गढूळ होते. व्हिनेगरचे काही थेंब टाकूनही गढूळपणा राहिला तर ती प्रथिनेच. नळीमागे धरलेली छापील अक्षरे वाचता आली तर 1+, जाड काळ्या रेघाच तेवढ्या दिसल्या तर 2+, काहीच दिसले नाही तर 3+ आणि पांढऱ्या गुठळ्या झाल्या तर 4+. तारीख, निकाल, औषधाचा डोस, वजन, ताप-सर्दी हे सारे एका वहीत लिहावे. उपचार चालू असताना किंवा मूल आजारी असताना तपासणी रोज करावी, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा.

वरच्याच मुलाची वही पाहू. औषध थांबून तीन महिने झाले आणि त्याला सर्दी झाली. पहिल्या दिवशी 2+, पुढचे तीन दिवस 3+. सूज अजून नाही, पण वही घेऊन डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली आहे. आता रोज 30 मिलिग्रॅम सुरू होईल, पण सहा आठवडे नव्हे. सलग तीन दिवस लघवी स्वच्छ येईपर्यंतच. मग साडेबावीस मिलिग्रॅम एक दिवसाआड चार आठवडे. आजार वर्षात तीन किंवा अधिक वेळा उलटला, अथवा डोस कमी होताच परतू लागला, तर स्टेरॉइडची एकूण मात्रा फार होते. चेहरा गोल होतो, भूक आणि चिडचिड वाढते, रक्तदाब चढतो, उंची खुंटते आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. तेव्हा लेव्हामिसोल, मायकोफेनोलेट किंवा टॅक्रोलिमस यांसारखी औषधे जोडून स्टेरॉइड कमी करतात. हा निर्णय घेताना वहीतील नोंदी उपयोगी पडतात.

सूज असताना काही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तापासोबत पोटात तीव्र दुखणे हे पोटाच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते. स्टेरॉइडमुळे ताप सौम्य असला तरी दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये. एकच पाय सुजून दुखणे, तीव्र डोकेदुखी, झटके किंवा गुंगी यांमागे रक्ताची गुठळी असू शकते. उलट्या-जुलाबांनंतर लघवी फार कमी होऊन हातपाय गार पडले, तर शरीर सुजलेले असूनही रक्तवाहिन्यांत पाणी कमी पडलेले असते. म्हणून सूज उतरवण्यासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या स्वतःहून कधीही देऊ नयेत.

स्टेरॉइड चालू असताना कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला तर डॉक्टरांना लगेच कळवावे. जिवंत विषाणूंच्या लसी मोठ्या डोसच्या काळात पुढे ढकलतात. न्यूमोकॉकसची लस मात्र या मुलांसाठी आवर्जून सुचवली जाते. जेवणात सूज असताना वरून मीठ, लोणचे, पापड, फरसाण टाळावे. डाळ, दूध, अंडी वयाप्रमाणे नेहमीइतकीच द्यावीत. लघवीतून जाणारी प्रथिने जास्त खाऊन भरून निघत नाहीत. सूज उतरली की मीठ नेहमीसारखे चालते आणि मूल शाळेत जाऊ शकते, खेळू शकते.

स्टेरॉइडला दाद देणाऱ्या बहुतेक मुलांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण वय वाढेल तसे कमी होते आणि किशोरवयात तो बंद होतो. त्यांची मूत्रपिंडे सहसा शाबूत राहतात. काहींमध्ये आजार प्रौढपणीही टिकतो.