प्रवेशशुल्क, राइडचा दर आणि चार गैरसमज

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये पूर्वी आत जायचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचं तिकीट वेगळं असे. याच पद्धतीवर वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने 1971 मध्ये एक निबंध लिहिला. त्याचा प्रश्न असा होता की नफा वाढवायचा असेल तर पार्कने पैसे दारात घ्यावेत की राइडवर? प्रश्न सोपा वाटतो, पण त्याच्या उत्तराबद्दल बरेच गैरसमज आहेत.

एक काल्पनिक पार्क घेऊ. एक राइड चालवायचा जादा खर्च, म्हणजे सीमांत खर्च, 20 रुपये आहे. राइड फुकट असली तर नीता दिवसाला 10 आणि समीर 12 राइड घेईल. दर 10 रुपयांनी वाढला की दोघांचीही एकेक राइड कमी होते. कोण किती हौशी आहे हे दारावरच्या माणसाला कळत नाही, म्हणून प्रवेशशुल्क दोघांना सारखंच.

गैरसमज 1 : राइड खर्चाच्या भावात द्यावी आणि सगळी कमाई दारात करावी.

वस्तुस्थिती : सगळी गिऱ्हाइकं सारखी असतील तर हे अगदी बरोबर आहे. इथे तसं नाही. दर 20 रुपये ठेवला तर नीता 8 राइड घेते. त्या राइडसाठी ती जास्तीत जास्त जेवढं मोजायला तयार असते आणि प्रत्यक्षात जेवढं मोजते, त्यातला फरक 320 रुपये येतो. पुस्तकात याला संतोषाधिक्य म्हणतात. शुल्क याहून जास्त ठेवलं तर नीता परत जाईल. म्हणून दोघांकडून 320 घेऊन पार्कला 640 रुपये सुटतात. समीरचं संतोषाधिक्य मात्र 500 आहे. त्यातले 180 त्याच्याकडेच राहतात आणि दारात ते काढून घेता येत नाहीत.

आता दर 30 करू. नीता 7 राइड घेते आणि तिला टिकवायचं तर शुल्क 245 वर आणावं लागतं. तिच्याकडून शुल्कात 75 रुपये कमी आले, 7 राइडवर 10-10 रुपये सुटले, म्हणजे 5 रुपयांचा तोटा झाला. समीरच्याही शुल्कात 75 गेले, पण तो 9 राइड घेतो, म्हणून 90 मिळाले आणि 15 रुपयांचा फायदा झाला. एकूण नफा 650. शुल्कातली सूट नीताच्या वापरावर ठरते, तर राइडवरचा नफा प्रत्येकाच्या स्वतःच्या वापरावर मिळतो. दर खर्चाच्या वर जातो तो या तफावतीमुळे.

गैरसमज 2 : जमीन, यंत्रं, पगार असा ठरलेला खर्च भरून काढायला राइडचा दर वाढवतात.

वस्तुस्थिती : वरच्या हिशेबात ठरलेला खर्च कुठेच आलेला नाही. तो दुप्पट झाला, तरी पार्क चालू ठेवणं परवडत असेल तोवर उत्तर 30 रुपयेच राहील. घरच्या वीजबिलातला स्थिर आकार दिसायला असाच असला, तरी तो नफ्याच्या या गणिताने नव्हे, तर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशाने ठरतो.

गैरसमज 3 : दर वाढला म्हणजे छोट्या गिऱ्हाइकाची लूट झाली.

वस्तुस्थिती : नीताकडे 20 च्या दरातही संतोषाधिक्य उरलं नव्हतं आणि 30 च्या दरातही उरत नाही. तिचा एकूण खर्च तर 480 वरून 455 वर येतो. झळ बसते ती समीरला, कारण त्याच्याकडे 180 ऐवजी 160 उरतात. समीरचे 20 गेले आणि पार्कला 10 च मिळाले. उरलेले 10 कुणालाच मिळाले नाहीत, कारण खर्चापेक्षा जास्त मोलाच्या दोन राइड झाल्याच नाहीत. म्हणूनच पार्क दर भरमसाट वाढवत नाही. प्रवेशशुल्क न घेता फक्त राइडवर कमवायचं ठरवलं असतं, तर सर्वाधिक नफ्याचा दर 65 रुपये आला असता आणि नफा 405 च झाला असता.

गैरसमज 4 : दर नेहमी खर्चाच्या वरच असतो.

वस्तुस्थिती : समीरची हौस 12 ऐवजी 14 राइडची असती तर चित्र बदललं असतं. तेव्हा दोघांना ठेवून जास्तीत जास्त 680 रुपये सुटतात (दर 40, शुल्क 180). नीताला सोडून दिलं, राइड 20 लाच ठेवली आणि समीरकडून 720 रुपये शुल्क घेतलं, तर नफा 720 होतो. म्हणजे गिऱ्हाइकांत फरक फार मोठा असेल तर पार्क छोट्या गिऱ्हाइकाला दाराबाहेर ठेवतो आणि दर पुन्हा खर्चाच्या पातळीवर येतो.

दर खर्चाखाली जाण्याची शक्यताही ओईने दाखवली होती. शुल्क थोडं वाढलं की सगळ्यात आधी कोण परत जाईल, ते पाहायचं. त्याचा वापर सरासरीपेक्षा कमी असेल तर दर खर्चाच्या वर ठेवण्यात फायदा असतो. तो सरासरीपेक्षा जास्त राइड घेणारा, पण प्रत्येक राइडला थोडंच मोल देणारा असेल, तर राइड तोट्यात देऊन शुल्क वाढवणंच पार्कच्या फायद्याचं ठरतं.